पोचपावतीसह

पिंपळगाव राजात अश्वजितला त्याच्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. तो साडेसात महिन्यांचा जन्मला, तेव्हा बापानं, म्हणजे कचरूनं, नाव ठेवलं 'पाऊण'. पोरगा सव्वीस वर्षांचा झाला, खामगावात मेडिकलच्या काउंटरवर उभा राहू लागला, तरी पाऊणचा काही पूर्ण झाला नाही.

बापाशी बोलायचं म्हणजे फोन, आणि कचरूचा फोन कायम स्पीकरवर. "लपवाचं काय आपल्याले?" असं म्हणून तो, दिवसभर जिथं बसायचा त्या गावच्या आख्ख्या सलूनला पोराचं बोलणं ऐकवायचा. म्हणून अश्वजितनं पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं. आईच्या हाती पडू नये म्हणून रजिस्टर्ड केलं. नाव ज्याचं, सही त्याची.

आठवड्यानं पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर बापाची वाकडी सही. अश्वजितनं ते कार्ड पाकिटात जपून ठेवलं.

हुशारी झाली होती, पण नको तिथं. कचरूला रजिस्टर्ड पत्र आजवर दोनदाच आलेलं, दोन्ही वेळा कोर्टाचं. असला कागद घरी फोडायचा नसतो, चार माणसांत फोडायचा, आणि वाचायचा तो निवृत्त ग्रामसेवक भगवानरावांनीच, हा त्याचा कायदा. सही करून तो तसाच सलूनमध्ये गेला.

कार्ड अश्वजितच्या हाती पडलं त्याच संध्याकाळी त्याला फोन आला. मागं कैचीचा आवाज.

"काय बे, तुह्यं रजिस्टर आलं. मले वाटलं, जमिनीची नोटीस हाय! वाचा हो भगवानराव, तेच पुन्हा वाचा."

भगवानरावांचा आवाज नोटिशीचाच होता, खणखणीत, एकसुरी. "बाबा, तुम्ही चारचौघांत मला पाऊण म्हणता, सगळे हसतात, मीही हसतो. पण मी कधीच हसत नव्हतो. दहावीच्या निकालादिवशी तुम्ही पेढे वाटताना म्हणालात, पाऊण पास झाला, तेव्हा मी मोरीत जाऊन रडलो..."

"मोरीत!" कोणीतरी म्हणालं. वस्तरा थांबला असावा, कारण हसणं मोकळं आलं.

"बाबा, फोन बंद करा," अश्वजित म्हणाला.

"थांब ना. शेवटचं लय भारी हाय."

"...तुमच्याकडं एकच मागणं. एकदा मला अश्वजित म्हणून हाक मारा. कोणी नसताना मारली तरी चालेल. तेवढं केलंत तर मी घरी येईन."

काउंटरवर एक बाई खोकल्याचं औषध मागत होती, तिला त्यानं हातानंच थांबवलं. कचरूनं घसा खाकरला. अश्वजितनं फोन कानाला घट्ट दाबला.

"अश्वजित..." कचरू म्हणाला. हळू, जवळजवळ मायेनं. मग पुढं, "...साहेब! येता का घरी? मोरी धुवून ठेवतो!"

सलून फुटलं. भगवानरावसुद्धा खोकत हसले.

"काऊन बे, गेला काय?" बाप विचारत होता. "हासत का नाही?"

सव्वीस वर्षांची सवय. अश्वजित हसला.

"हे पाहा, हासला!" कचरू सगळ्यांना म्हणाला. "मी सांगतलं नव्हतं? त्याले काई वाटत नाही."