आमच्या घरातला रविवारचा हवामान अंदाज

रविवारी सकाळी अकरा वाजता सासरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "काय चाललंय?" लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे "काही नाही" असं उत्तर द्यायचे. ही माझी घोडचूक होती. "काही नाही" म्हटलं की दहा मिनिटांत सासूबाईंचा फोन. "काय नाय तं इकडं ये. बोंबील सुकाया लावायचे हायत."

सासर घिवलीकडच्या किनाऱ्यावर, होडीवाल्यांचं. आम्ही दोघं बोईसरला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मी एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत सहा दिवस उभी असते. नवऱ्याच्या पाळ्या बदलत राहतात, पण रविवार मात्र बहुतेक दोघांचा एकच. माझं माहेर साताऱ्याकडचं, तिकडे बोंबील पाहुण्यासारखा येतो. इथे तो घरचाच आहे आणि त्याला रविवार-सोमवार कळत नाही. ऊन आहे तोवर बायका अंगणात, मासळी सुकवायच्या वाडीत, किनाऱ्यावर. घरची सून शहरात राहत असली तरी सुट्टीला तिचे हात तिथे असायला हवेत, असं सगळे धरून चालतात. कुणी बोलत नाही, बोलायची गरजच पडत नाही.

महिन्यातले दोन रविवार मी जायचे आणि मनापासून काम करायचे. उरलेले दोन मला लोळायचे होते. निव्वळ लोळायचं. आजारी नाही, पाहुणे नाहीत, परीक्षा नाही, तरीही लोळायचं. पण हे वाक्य सासरी कसं उच्चारायचं?

एका रविवारी मी उच्चारलं नाही, छापलं. नवरा उशीत तोंड खुपसून झोपला होता, त्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं: "पलंगाच्या पश्चिम भागात उशीचा कमी दाबाचा पट्टा, नवरा दुपारपर्यंत एकाच जागी स्थिर राहण्याची शक्यता." ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सासऱ्यांनी तर शाबासकीचा अंगठा टाकला, जो ते एरवी फक्त डिझेल स्वस्त झाल्याच्या बातमीला टाकतात. आणि त्या दिवशी फोन आला नाही. मला हत्यार सापडलं होतं.

मग मी ते घासूनपुसून धारदार केलं. गंमत करायची तर गंमत केल्यासारखं वाटता कामा नये, हे मला लवकरच समजलं. उद्गारचिन्ह घातलं की मेलं. "मी" हा शब्द कधीच नाही; प्रशासन असतं, सूत्रं असतात, नागरिक असतात. मथळ्यात क्रियापद खायचं: "कपड्यांच्या घड्या पुन्हा लांबणीवर, खुर्ची भाराखाली." "सिंकमधील भांड्यांचा तिढा सलग दुसऱ्या दिवशी कायम, चर्चेची फेरी निष्फळ." हवामानाचं उलट. तिथे वाक्य लांब, थंड आणि शक्यतांचं. दिशा सांगायची, वेळ सांगायची, शेवटी नागरिकांना सूचना द्यायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पहिल्याच ओळीत घरातली एक क्षुल्लक वस्तू आलीच पाहिजे. उशी, चप्पल, पोहे, काहीही. तिच्यावाचून ते नुसतं निवेदन होतं. सरकारी भाषा आणि उशी शेजारी बसली तरच हसू येतं.

हा नियम माझाच आणि तो मोडलाही मीच. गर्व झाला होता, दुसरं काय!

पावसाळा सरून बरेच दिवस झाले होते, ऊन छान कडक होतं. त्या रविवारी मी डोकं धुऊन बाल्कनीच्या कट्ट्यावर पाय टाकून बसले होते. केसांचं पाणी मांडीवरच्या वर्तमानपत्रावर टपटपत होतं, शेजारी पोह्यांची बशी. फोटो फर्मास आला. मनात म्हटलं, आज असं लिहू की खरं आणि खोटं ओळखूच येणार नाही. लिहिलं: "विशेष सूचना. उत्तर भागात आज दुपारी एक ते चार या वेळेत हलक्या ते मध्यम सरींची शक्यता. उघड्यावर ठेवलेले पदार्थ तातडीने झाकून घ्यावेत." उत्तर भाग म्हणजे माझ्या डोक्याकडची बाजू. पदार्थ म्हणजे पोहे. फोटो पाहिला की कोड्यासारखं उलगडायचं. पाठवलं आणि फोन बाजूला ठेवून मी झोपले.

फोटो पाहिला की! वाडीत रेंज कशी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिथे फोटो आपोआप उतरत नाही. एक धुरकट चौकोन दिसतो, त्यावर खालच्या दिशेचा बाण, आणि चौकोनाखाली मजकूर मात्र स्वच्छ, ठळक. बाण दाबून वाट बघायला बोंबील लावणाऱ्या बाईचे हात कोरडे असावे लागतात. त्यात त्याच ग्रुपवर सासरे रोज खरा अंदाज टाकतात, तो कुणाकडून तरी आलेला, तसाच पुढे ढकललेला. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, बंदरावर धोक्याचा कितव्या नंबरचा बावटा लागलाय, मच्छीमारांना सूचना. माझा मजकूर त्याच्या बरोबर खाली जाऊन बसला होता. त्याच सुरात.

धाकट्या जावेनं तो वाडीत मोठ्यानं वाचला. कुणी म्हणालं, आभाळ तर साफ हाय. सासूबाई म्हणाल्या, "सुनंनं पाठवलाय, ती लॅबमधी हाय. उगाच नाय लिवनार."

बोंबील लावायचे म्हणजे दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी बांबूवर दोन्हीकडे लोंबती सोडायची. वारा मधून खेळला पाहिजे. आदल्या दिवशी लावलेले बोंबील अर्धेच सुकले होते. ते सगळे बायकांनी धावत धावत उतरवले, ढीग केले आणि वर प्लास्टिक ओढलं. मग बसल्या पावसाची वाट बघत. ऊन तापत राहिलं. ओला माल प्लास्टिकखाली उबला, मऊ पडला, खालच्या थराला वास सुटला.

चार वाजता जावेचा फोन आला. ती चिडली नव्हती, रडत होती. तिच्या पाठोपाठ सासूबाई बोलल्या, एकच वाक्य. "पाऊस कुठं हाय गो?"

मी रिक्षात बसून तासाभरात पोहोचले. वाटेत लाजेनं अंग जळत होतं. तिथे उभी राहून मी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी, लिहायला नको होतं तसं. ओचे खोचले आणि खालचा सडका थर वेगळा करायला बसले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दिवसभर जोड्या अडकवल्या. बोंबलाचे दात बारीक असतात, बोटं रक्ताळली. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. ते मी देणं लागत होते.

पण संध्याकाळी हात धुताना सासूबाईंनी सगळ्या बायकांच्या देखत मला थांबवलं. "आता कबूल कर. लोलत पडायचा नि फोटू टाकायचा, हा धंदा बंद. रविवारी इकडं यायचा. दर रविवारी."

म्हणजे असं होतं तर. उबलेल्या बोंबलाच्या मापानं माझा रविवार मोजून घ्यायचा होता. मला न्यायला आलेला नवरा बाजूला उभा होता, त्यानं डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण आणि मोकळी हो. माझ्या तोंडात "हो" आलंही होतं. पण ते एकदा बाहेर पडलं असतं तर परत आत आलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बोंबलाचं चुकलं, ते मान्य," मी म्हणाले. "तसला इशारा पुन्हा लिहिणार नाही. पण लोळणं चुकलेलं नाही. दोन रविवार तुमचे, दोन माझे. माझ्या दोनमध्ये मी लोळणार आणि लोळते हे सांगून लोळणार."

एक म्हातारी खुदकन हसली आणि तिनं तोंडावर पदर धरला. सासूबाईंच्या आवाजात राग होताच, पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं. "आमाला कुनी दिला गो रविवार?" त्या म्हणाल्या. "चालीस वरसात?"

मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. "कुणी देत नाही, आई. मलाही कुणी दिलेला नाही."

त्यांनी टोपली उचलली आणि आत गेल्या. आम्ही रात्री बोईसरला परतलो. आठवडाभर ग्रुपवर फक्त लाटांची उंची येत होती.

पुढचा रविवार माझा होता. अकरा वाजले, कुणीही काही विचारलं नाही. अंथरुणात बसून मी तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी विस्कटलेल्या चादरीचा फोटो काढला आणि पाठवला: "चादर, उशी व एक सून यांच्याकडून खुलासा. मागील रविवारच्या अंदाजामुळे वाडीतील बोंबलांचे नुकसान झाले, त्याबद्दल अंदाजकार दिलगीर. आजचा रविवार मात्र ठरल्याप्रमाणे सुरू. पायांची हालचाल संध्याकाळपर्यंत अपेक्षित नाही." चादर पहिल्या शब्दाला ठेवली होती. फोटो उतरो न उतरो.

मजकुराखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. सगळ्यांनी वाचलं. हसरा चेहरा एकही नाही, अंगठाही नाही. नवरा म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हणाले, "झालं," आणि कूस बदलली. झोप कसली येतेय.

दुपारी अडीचला ग्रुपवर आवाजाचा संदेश आला. सासूबाईंना टाइप करता येत नाही, त्या बोलून पाठवतात. आधी नुसता वारा ऐकू आला, मग चार-पाच बायकांची खसखस, कुणीतरी "बोल ना, बोल" म्हणालं. मग त्या घसा खाकरून, सासरे रोज मोठ्यानं वाचतात त्या चालीत, सावकाश बोलल्या:

"सूचना. वाडीमधी समद्या बायका सावलीला बसल्या हायत. बोंबलाला ऊन सुकवतो, आमी नाय. घरावर तीन नंबरचा बावटा लावलाय. पुरुष मानसांनी चाय मागाया येऊ नये."