रविवारी टेलिफोन बंद राहतील

परळच्या ज्या गिरणीत मी हेडक्लार्क होतो, तिथे खात्याखात्यांत मिळून चाळीस टेलिफोन होते आणि बाहेरच्या लाईनी पाच. हे सगळं एका बाईंच्या हातात होतं. खोताच्या वाडीतून येणाऱ्या या बाई ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खोलीत लाकडी बोर्डापुढे बसत. आपण फोन उचलला की त्यांच्यापुढे दिवा लागे, आपण खात्याचं नाव सांगायचं आणि त्या दोरीचं टोक योग्य भोकात खोचून देत. बाहेरून आलेला फोनही आधी त्यांच्याकडे येई. त्या रजेवर गेल्या की बदलीवरच्या मुलीचे आणि आमचे, दोघांचेही हाल होत.

तो बोर्ड म्हातारा झाला होता. कंपनीने नवा मागवला आणि तो एका रविवारी, गिरणीला सुट्टी असताना, बसवायचं ठरलं. आमच्या वीजखात्याच्या तरुण इंजिनीअरने इंग्रजीत नोटीस लिहिली आणि मराठी करून लावायला माझ्याकडे पाठवली. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. भिंतीभिंतीवर मराठी अक्षरं होती आणि गिरणीतली सूचना मराठीत नसली तर कामगार ती वाचायचं सोडा, फाटकावर तिचा जाहीर समाचार घेत. मी इमानाने शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं: 'नवीन दूरध्वनी फलकाच्या उभारणीच्या व विद्युत्घटमालेच्या जोडणीच्या कामास्तव येत्या रविवारी पूर्वाह्नापासून कार्यसमाप्तीपर्यंत क्रमांक ११ ते ५० ही उपकरणे सेवेबाहेर राहतील. गैरसोयीबद्दल दिलगिरी.'

गुरुवारी सकाळी नोटीस लागली. नोटीसबोर्डाशी बरीच गर्दी जमली, कारण लोकांना वाटलं संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची जागा बदलली. वाचून झाल्यावर माणसं शांतपणे पांगली. मला वाटलं, समजली.

दुपारी बॉयलरखात्याचा अटेंडंट माझ्या टेबलाशी आला. वेंगुर्ल्याकडचा, चिंचपोकळीला चाळीत राहणारा, तिशीतला माणूस. एरवी हा ऑफिसात पगाराखेरीज दिसत नसे.

"साहेब, ता मी दोनदा वाचलंय," तो म्हणाला. "पण माझो फोन बंद आसतलो की चालू, ता काय कळूक नाय."

"नंबर बघा ना. अकरा ते पन्नास बंद."

"माझो नंबर किती?"

मला सांगता येईना. पुढे मी विचारलं, रविवारी फोनचं एवढं काय आहे. तेव्हा त्याने सांगितलं. बायको पहिलटकरीण, गिरगावात माहेरी होती आणि तिथल्याच एका प्रसूतिगृहात नाव घातलं होतं. दिवस भरले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मूल आडवं वाटतंय, कदाचित ऑपरेशन करावं लागेल आणि तसं झालं तर नवऱ्याची सही लागेल. फोन केला की लगेच निघून या. त्याचा सासरा आधीच वारला होता, सासूला अंगठ्याखेरीज काही येत नव्हतं. आणि रविवारी एक बॉयलर उघडून आतून साफ करायचा होता. आत माणसं उतरलेली असताना वाफेच्या झडपांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याला जागा सोडता येत नाही. लालबागला राहणारा त्याचा जोडीदार, तोही बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट असलेला, बदलीला यायला तयार होता. त्याच्या घराखालच्या हॉटेलात फोन होता. म्हणजे प्रसूतिगृहातून बॉयलरखात्याला फोन, बॉयलरखात्यातून हॉटेलला फोन, की झालं. सगळी मदार फोनवर.

त्या दिवशी मी खात्याखात्यांत फिरून सात जणांना त्यांच्या टेलिफोनचा नंबर विचारला. एकालाही सांगता आला नाही, आठवा मीच. विणकामखात्याच्या मास्तरांनी तर मला उलट विचारलं, "आमच्या फोनला नंबर आहे?"

मी बाईंकडे गेलो. त्या दोरी खोचता खोचताच हसल्या. "इतक्या वर्षांत मला नंबर सांगितला असा एक माणूस दाखवा. मॅनेजरसाहेब तर 'कालचे ते' म्हणतात, आणि मी देते जोडून. नंबर फक्त ह्या भोकांवर आहेत, मिस्टर, आणि भोकं मी एकटी बघते."

"आणि बॉयलरखात्याचा?"

"एकतीस. बंद. अकरा ते पन्नास म्हणजे सगळेच की. तुम्ही भाषांतर केलंत आणि तुम्हाला कळलं नाही?"

 एक दोरी मोकळी होईपर्यंत थांबलो आणि इंजिनीअरला तिथेच बोलावून घेतलं.

इंजिनीअर माणूस भला होता, फक्त तो यंत्राच्या बाजूने विचार करी. मी म्हटलं, नोटीस नव्याने लिहू या, पण लोक फोन उचलतात त्या बाजूने. केव्हापासून केव्हापर्यंत? तो म्हणाला, सकाळी सातला दोऱ्या काढू, पाचपर्यंत व्हायला हवं. मग 'पूर्वाह्न' कशाला, 'सात ते पाच' लिहा, बाई म्हणाल्या. "पण पाचला झालं नाही तर?" इंजिनीअर काकुळतीला आला. त्यावर बाईंनीच तोड काढली. काम झालं की त्या प्रत्येक खात्याची घंटी वाजवून सांगतील. ती वाजेपर्यंत बंदच समजायचं.

"आणि दिवसभर बाहेरून फोन आला तर?" मी विचारलं.

"ते सोपं आहे," तो म्हणाला. "बोर्डाला वगळून दोन लाईनी थेट दोन फोनांना जोडतोय. पहिली, म्हणजे गिरणीचा नेहमीचा नंबर, फाटकावरच्या चौकीला. ती गुंतलेली असली तर फोन आपोआप दुसरीवर जातो. दुसरी मॅनेजरसाहेबांच्या केबिनला."

"हे नोटिशीत का नाही?"

"ती अंतर्गत व्यवस्था आहे."

मी कागदावर लिहायला घेतलं: 'बाहेरून आलेले फोन पुढील दोन ठिकाणी घेतले जातील. फाटकावर, पहारेकरी घेतील. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये,' आणि थांबलो. "इथे कोण घेतील लिहू?"

इंजिनीअर बाईंकडे बघू लागला. रविवारी केबिनला कुलूप असतं हे गिरणीतल्या मांजरालाही माहीत होतं.

"पद्धत आहे," तो म्हणाला. "दुसरी लाईन नेहमी साहेबांची."

"साहेब रविवारी येऊन बसतात का, विचारू?" बाईंनी दोरी उचलली. "आत्ता जोडते."

"नको," तो घाईने म्हणाला आणि मग स्वतःच हसला. "बरं, कुठे देऊ?"

मी बॉयलरखात्याची हकिकत सांगितली. त्याने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला की तिथे त्या दिवशी सबंध दिवस माणूस असणारच, त्यामुळे कारण तांत्रिकही दाखवता येईल. तेवढ्यावर तो एकदम खूष झाला. फक्त एक अडचण होती. खात्यांतल्या फोनला नंबर फिरवायची तबकडी नव्हती, कारण जोडायला बाई होत्या. म्हणजे बॉयलरखात्यात बाहेरचा फोन येईल, पण तिथून लावता येणार नाही. तबकडीचा फोन फाटकावर तेवढा होता. "हेही लिहा," तो आता आपण होऊन म्हणाला.

शुक्रवारी दुसरी नोटीस लागली, ती अशी:

'रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी पाच गिरणीतले सर्व टेलिफोन बंद राहतील. फोन उचललात तर कोणी बोलणार नाही. तो बिघडलेला नाही, तक्रार करू नये. काम लांबले तर पाचनंतरही बंद राहतील. चालू झाले की बाई प्रत्येक खात्याची घंटी वाजवतील.

बाहेरून आलेला फोन फाटकावर पहारेकरी घेतील, ती लाईन गुंतलेली असल्यास बॉयलरखात्यात घेतला जाईल. बाहेर फोन करायचा असल्यास किंवा आग, अपघात झाल्यास फाटकावर यावे. बॉयलरखात्याच्या फोनवरून बाहेर फोन लागणार नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निरोप हवा असल्यास चिठ्ठी फाटकावर द्यावी. शिपाई दर अर्ध्या तासाने फेरी मारील.'

बाईंनी दुसऱ्या लाईनीचा स्वतंत्र नंबर अटेंडंटला लिहून दिला. "हा प्रसूतिगृहात द्या. गिरणीचा नेहमीचा देऊ नका, फाटकावरचा आमचा पहारेकरी गावच्या माणसाशी बोलायला लागला की थांबत नाही."

रविवारी मी डबा मागितला तेव्हा बायको म्हणाली, "फोन बंद आहेत म्हणून तुम्ही जाणार? चालू असताना कधी सुट्टीचे गेला नाहीत."

"नोटीस माझी आहे," मी म्हटलं.

"मग तिला जेवायला घरी घेऊन या."

गिरणीत पोचलो तर बोर्डाच्या खोलीत दोऱ्यांचा ढीग पडला होता आणि बाई स्टुलावर बसून इंजिनीअरच्या माणसांना कोणती तार कोणाची ते खात्याच्या नावाने सांगत होत्या. बॉयलरखात्यात अटेंडंट फोनपासून दोन हातांवर उभा होता. दहाच्या सुमाराला त्याचा लालबागचा जोडीदार डबा घेऊन हजर.

"तुका कोणी बोलावल्यान?" अटेंडंट गोंधळला.

"नोटिशीन," जोडीदार म्हणाला. "ह्या फोनवरून बाहेर लागणार नाय म्हणून लिवलंय मरे. मग तू हॉटेलात फोन कसो करणार होतस? हयसून बोंब मारून?"

हे अटेंडंटच्या लक्षात आलं नव्हतं, आणि लिहिणाऱ्या माझ्याही नाही.

अकराला फोन वाजला. अटेंडंटने झडप घातली, मग त्याचा चेहरा उतरला आणि तो फार अदबीने बोलू लागला. "नाय साहेब, ही केबिन नाय, बॉयलर... होय, उघडो आसा... नाय, खेळूक नाय, साफ करूक." फाटकावरची लाईन अर्थातच गुंतलेली होती आणि साहेबांच्या घरी कोणी उचलत नाही म्हणून त्यांच्या मेव्हण्यांनी गिरणीत केलेला फोन आपोआप इकडे आला होता. त्याने निरोप ऐकला, पाठ केला आणि फोन ठेवला. त्यानंतर पाव तासही झाला नसेल, पुन्हा घंटी वाजली. या वेळी तो फक्त "होय, होय, इलंय" एवढंच म्हणाला. किल्ल्या जोडीदाराच्या हातात देऊन, हाताची काजळी न धुताच तो निघाला.

"सही करायच्या आधी हात धू," जोडीदार मागून ओरडला. "नायतर अंगठोच उमटतलो."

दुपार आम्हाला जड गेली. पाच वाजले तेव्हा नवा बोर्ड उभा होता पण मुका होता. इंजिनीअर माझ्याकडे बघेना. बाईंनी मात्र त्याला बजावलं, "घाई नको. आपण लिहिलंय ना, घंटी वाजेपर्यंत बंद." साडेपाचनंतर केव्हातरी दिवे लागले. त्यांनी पहिली घंटी बॉयलरखात्याची वाजवली, मग फाटकाची, मग रिकाम्या खात्यांचीही एकामागून एक, कारण तसं लिहिलं होतं.

ते चाललं असतानाच बाहेरच्या पहिल्या लाईनीचा दिवा पेटला. बाईंनी ऐकलं, त्यांचा चेहरा फुलला आणि काही न बोलता त्यांनी मला टेबलावरचा फोन उचलायची खूण केली.

"साहेब, मुलगी झाली," अटेंडंटचा आवाज आला. "ऑपरेशन करूचा लागला. मी सही केलंय आणि मगच आत नेल्यानी. दोघांवय बरी आसत."

मी अभिनंदन केलं, लगेच घरी जाऊ नकोस, उद्याची रजा मी मांडतो, असंही म्हटलं. तो ठेवेल असं वाटलं, पण तो घुटमळला.

"आणि साहेब, एक रवला. मॅनेजरसाहेबांचे मेव्हणे चार वाजता पत्ते खेळूक येतले, साहेबांनी घरीच थांबूचा, असो निरोप आसा. नोटिशीत लिवल्याप्रमाणे मी घेतलंय, पण द्यायचो कोणाक, ता काय तुम्ही लिवलास नाय."

घड्याळात सहा वाजायला आले होते. मी बाईंना मॅनेजरसाहेबांचं घर जोडून द्यायला सांगितलं.