सोळा उपवास, देवाचे चार

पीएचडीच्या त्या वर्षी माझी जीभ फार चालायची. अंधेरीच्या ऑफिसात बसून मी घरातल्या उपासमारीवर एक्केचाळीस प्रश्न लिहिले होते, आणि एकेका प्रश्नावर मी खूश होते. मूर्खासारखी.

मुख्य पाहणीआधी पायलट करायचं ठरलं. मढच्या कोळीवाड्यातल्या एका गल्लीत तीस घरं घ्यायची, प्रश्न विचारायचे आणि ते कुठे अडखळतात ते बघायचं. मासेमारीबंदीचे दिवस होते, होड्या वर ओढून ठेवलेल्या. म्हणजे घरात खायचे वांधे असणार हे उघड होतं, म्हणूनच तर आम्ही ती वेळ धरली. मुख्य पाहणीत ज्या घरांत उपासमार दिसेल त्यांना सहा महिने रेशनचा संच मिळणार होता, पण पायलटमधल्या कुणाला मिळणार नव्हता. एकदा प्रश्न ऐकलेल्या माणसाचं दुसरं उत्तर कोरं राहत नाही, म्हणून पायलटची घरं मुख्य यादीतून बाद. हे संमतिपत्रावर लिहिलेलंही होतं. मी ती ओळ भराभर वाचायची.

पायलटची वाट लागली. मुलाखतीला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागत होता, ते ठीक, कापता आलं असतं. पण माझा लाडका प्रश्न, 'गेल्या महिन्यात घरात अन्न नसल्यामुळे तुम्ही दिवसभर उपाशी राहिलात का?', त्याला तीसच्या तीस बायका 'नाही' म्हणाल्या. गाल बसलेल्या बायका! माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "सगळे एकच उत्तर देतात तो प्रश्न काय मोजतो? का देतात ते शोध, नाहीतर काढून टाक."

मी चिडून परत मढला गेले. त्या तीस बायकांतलीच, गल्लीच्या तोंडाशी राहणारी एक मावशी होती, पन्नाशीची, विधवा, एरवी कांदिवलीच्या बाजारात मासळी विकणारी. तिच्या ओट्यावर बसून मी सरळ विचारलं, "मावशी, हा प्रश्न ऐकून तुला काय समजलं?"

ती खो खो हसली. "काय गो पोरी, असा सवाल करतात? घरात अन्न नाय असं कोन सांगल परक्या बाईला? इचार, महिन्यात उपास किती केलेस. मंग इचार, त्यातले देवाचे किती."

"तुझे किती?"

"सोळा," ती म्हणाली. "देवाचे चार."

मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. आनंद झाला. बाई बारा दिवस उपाशी होती आणि मी मनात टाळ्या वाजवत होते, की प्रश्न सापडला! तिच्याकडून काळा चहा पिऊन, 'थँक्यू हं मावशी' म्हणून निघाले. दुसऱ्या वाडीत नव्या घरांवर तो जोडप्रश्न तपासला. झकास चालला. बायका न लाजता आकडे सांगत होत्या.

एकदा सरांकडे तिचा विषय काढला. ते म्हणाले, "तीच एक बाई आहे जिला नेमका कुठला प्रश्न काय मोजतो ते ठाऊक आहे. तिला मुख्य यादीत कसं घेणार?" बरोबर होतं, नियमाने अगदी बरोबर. मी वाद घातला नाही. माझा प्रबंध होता ना.

मुख्य पाहणी झाली. बंदी उठायच्या आत शेजारच्या गल्लीत संच वाटायला गेलो. तांदूळ, डाळ, तेल, गूळ. मावशी तिथे येऊन उभी राहिली. रांगेत नाही, बाजूला.

"काय गो, सवाल बरा लागला ना?"

"एकदम बरा, मावशी."

"मंग माझं नाव?"

मी सांगितलं. कोरं उत्तर, पायलट, संमतिपत्रावरची ओळ. सांगताना माझा आवाज ऑफिसातला झाला होता, आणि तो मला ऐकूही येत होता. तिची जाऊ समोरून तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून गेली. ती वळणाआड जाईपर्यंत मावशी तिच्याकडे बघत होती.

मला लाज वाटली. मी माझा डबा उघडून पुढे केला, म्हटलं, "चल, दोघी खाऊ या, चपाती-भाजी आहे."

"नको. उपास हाय माझा."

आणि माझ्या तोंडून, शपथ सांगते, महिनाभराच्या सवयीने निघून गेलं, "देवाचा?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "तो सवाल माझ्यासाठी नाय ना गो?" आणि पदर खोचून आपल्या गल्लीत वळली.