लाल रंगाची ओळ

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या इस्पितळाने क्षयाच्या रोग्यांसाठी फिल्म काढायला घेतली. निवेदन डॉक्टरांनी लिहिलं होतं: ‘या औषधाने मूत्राचे विवर्णन संभवते.’ मी नर्स. वाचूनच डोकं फिरलं. हे कोणाला कळणार? लघवी लालसर दिसली की रोगी रक्त समजून गोळ्या फेकून देत होते. मी ती ओळ खोडून लिहिलं, ‘लघवी लाल दिसेल. ते रक्त नाही, गोळीचा रंग आहे. नव्या चादरीचा सुटतो ना, तसा.’ स्वतःवर बेहद्द खूश होऊन वॉर्डात वाचून दाखवलं.

खेड्यातून येऊन यंत्रमागावर कामाला लागलेला एक रोगी म्हणाला, “म्हंजी दोन-चार धुण्यांत जाईल की. न्हाय गेला तर गोळी बंद करायची, व्हय?”

डॉक्टर पोट धरून हसले. मी ओळीतली चादर काढून टाकली आणि लिहिलं, ‘गोळी चालू आहे तोवर रंग येणारच, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच सांगा.’

फिल्म दाखवल्यापासून मी सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं, की तोच गडी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा, “शिष्टर, आजबी लाल!”