नम्रता मोकलचा अर्ज

पेणच्या बाजारपेठेत, तांदळाच्या वखारीवरच्या माडीत माझा टायपिंगचा वर्ग होता. सात मशीन, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. शिकायला मुली जास्त येत आणि अर्ज टाइप करून घ्यायला अख्खा तालुका. नोकरीच्या अर्जांचे नमुने मी एका वहीत लिहून ठेवले होते. 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टू स्टेट' अशी सगळ्यांची सुरुवात. नाव आणि पद तेवढं बदलायचं. वीस वर्षांत त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात नम्रता मोकल जिना चढून आली ती धापा टाकतच. जिन्यामुळे नव्हे, रागामुळे. हातात वर्तमानपत्रातली कापलेली जाहिरात होती. वाशीच्या एका कंपनीला ज्युनिअर जीआयएस अॅनालिस्ट हवे होते. भूगोलाचे पदवीधर, नकाशा वाचता येणारे; कॉम्प्युटर येत असला तर बरं, नसला तर शिकवू. बायोडेटासोबत स्वतःच्या शब्दांत एक पत्र पाठवावं, असं खाली लिहिलं होतं. मुदत दहा दिवसांची, त्यातले सहा गेलेले.

"जीआयएस म्हणजे काय गो?" मी विचारलं.

"बाई, कागदावरचा नकाशा मशीनमध्ये घालायचा. एकावर एक असे नकाशे ठेवायचे. कुठलं शेत कुणाचं, कुठवर पाणी येतं, रस्ता कुठून गेलाय, सगळं एका जागी बघता येतं."

नम्रता खाडीकाठच्या गावची. वडील हिरामण मोकल खारजमिनीत भात लावायचे. तिला भूगोल घेऊन बी. ए. करायचं होतं, म्हणून ती तीन वर्षं रोज एस. टी.नं रोह्याला गेली. वडखळ, नागोठणे, रोहा आणि परत. शेवटच्या वर्षी तिनं स्वतःच्याच गावाचा नकाशा केला. त्याआधीच्या उधाणात बाहेरच्या बांधाला खांड गेली होती आणि खारं पाणी शेतात शिरलं होतं. पंचनाम्यात तलाठ्यानं रस्त्यावरून दिसली तेवढीच शेतं लिहिली. नम्रतानं कॉलेजचा प्रिझमॅटिक कंपास आणि टेप घेतली, धाकट्या बहिणीला, मनस्वीला, टेपच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, आणि दोन महिने बांधावरून चालून पाणी कुठवर उभं राहिलं होतं त्याची रेघ काढली. त्रेसष्ट सर्व्हे नंबर निघाले. पंचनाम्यात होते एकेचाळीस.

"मग पत्रात लिही की हेच," मी म्हटलं.

"तेच तर लिहू नको म्हणतायत."

त्या दिवशी सकाळी ती रोह्याला गेली होती. भूगोलाचे केळशीकर सर, दत्तात्रेय केळशीकर, यांच्याकडून शिफारसपत्र घ्यायला. सरांनी आनंदानं बसवलं, चहा मागवला, आणि एका नियतकालिकात छापून आलेला आपला लेख तिच्यापुढे ठेवला. तिनं पान उलटलं तर समोर तिचाच नकाशा. अक्षरं नवी, रेघा तिच्या. वर नाव फक्त सरांचं. शेवटी बारीक टाइपात 'विद्यार्थ्यांच्या सहकार्याबद्दल आभार.'

"सर, हा माझा नकाशा आहे," ती म्हणाली.

"अगं, विभागाचा आहे. टोपोशीट कुणाचं? कॉलेजचं. कपाटाची किल्ली कुणाकडे? ते शीट बाहेर मिळत नाही, मी सह्या करून आणलंय. कंपास कुणाचा? तू विद्यार्थिनी म्हणून मदत केलीस. शिफारस देतो की. फक्त तुझ्या पत्रात 'प्राध्यापक केळशीकर यांना साहाय्य केले' असं लिही. म्हणजे दोघांचं जुळेल."

हे सांगताना तिच्या हातातली जाहिरात चुरगळत चालली होती.

आता मी काय केलं ते सांगते, लपवत नाही. मी म्हटलं, "लिहून टाक बाई. 'असिस्टेड' हा शब्द चांगला दिसतो. नम्र वाटतो. कंपनीला काय कळतंय? सरांची सही असली की वजन येतं." आणि मी कागद चढवलासुद्धा. विथ ड्यू रिस्पेक्ट. आय बेग टू स्टेट.

तिनं मशीनमधून कागद ओढून काढला. मशीन घरघरलं. वर्गातल्या चारही मुली टाइप करायच्या थांबल्या.

"बेग? भीक? बाई, मी भीक मागत नाय. चिखलात मांडीपर्यंत मी गेले. मनस्वीचा पाय कालवाच्या शिंपीनं कापला, टाके पडले. सर एक दिवस तरी आले होते का बांधावर? विचारा त्यांना उघाडी कुठं हाय आमची, भरतीला मिटते नि ओहोटीला उघडते ती बांधातली झडप. त्यांना सांगता यायचं नाय. आणि मी लिहू साहाय्य केलं? कुणाला केलं साहाय्य? खुर्चीला?"

माझ्याशी एवढ्या मोठ्या आवाजात कुणी मुलगी बोलली नव्हती. मलाही राग आला. मी म्हटलं, "मग तूच लिही! जाहिरातीत 'स्वतःच्या शब्दांत' म्हटलंय ना, बस त्या कोपऱ्यात."

ती बसली. दुपारचे दोन वाजेपर्यंत लिहीत होती, खोडत होती. तिचं इंग्रजी सरळ, तोकडं. मी व्याकरण तेवढं बघितलं. पहिल्या खर्ड्यात अर्धं पान केळशीकर सरांवर होतं. ते मी वाचलं आणि या वेळी हात जोडून सांगितलं, "हे काढ. खोटं आहे म्हणून नाही. वाचणारा माणूस नोकरी द्यायला बसलाय, निवाडा द्यायला नाही."

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं ते पान फाडलं आणि विचारलं, "मग नकाशा माझाच हाय हे कसं कळणार त्याला?"

"तुलाच ठाऊक असेल असं काहीतरी लिही."

तेव्हा तिनं देवळाची गोष्ट लिहिली. गावनकाशा आणि टोपोशीट, म्हणजे सर्व्हे खात्याचा मोठ्या मुलखाचा नकाशा, वेगवेगळ्या मापाचे. पँटोग्राफनं गावनकाशा लहान करायचा, ट्रेसिंग कागदावर उतरवायचा आणि टोपोशीटवर ठेवून जुळवायचा. जुळवायला दोन्हींवर सापडणाऱ्या जागा लागतात. तिनं पाच धरल्या होत्या: उघाडी, तीन गावांच्या शिवेचा दगड, वाटांचे दोन फाटे आणि गावदेवीचं देऊळ. चार बसायच्या, देऊळ बसेना. देवळाला जुळवायला गेलं की सगळा कागद कलायचा आणि एका टोकाची शेतं खाडीत सरकायची, दुसऱ्या टोकाची पाण्याच्या रेघेबाहेर. आठवडाभर तिला वाटलं, आपलंच माप चुकतंय. मग हिरामण म्हणाले, "अगं, देऊळ हललंय. जुनं खचलं, म्हणून पोरपणी आम्ही दगड वाहून नेले पल्याड." गावनकाशा देऊळ हलण्याआधीचा, टोपोशीट नंतरचं. तिनं पाचवी जागा सोडून दिली आणि नकाशा बसला.

सरांच्या छापील नकाशात मात्र पाचही जागा होत्या. त्यांनी तिनं कॉलेजात दिलेला पहिला कच्चा ट्रेस उचलला होता. त्यामुळे रेघेबाहेर सरकलेली सात शेतं पाण्यात गेलेली असूनही लेखात कोरडी दिसत होती.

पत्र सव्वा पान झालं. 'मी हा नकाशा स्वतः केला. चार बिंदू धरले, पाचवा सोडला, कारण देऊळ हलवले आहे. मला कॉम्प्युटर येत नाही. शिकेन.' बेग नाही, हंबल नाही, शिफारस नाही. मूळ नकाशाची झेरॉक्स जोडली आणि त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, पोरीनं रागाच्या भरात नोकरी घालवली.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. ती वाशीला जाऊन आली आणि थेट माझ्याकडे आली. मुलाखत घेणारा निमिष नावाचा तरुण इंजिनीअर होता. त्यानं पत्र समोर ठेवून पहिलाच प्रश्न विचारला: पाचवा बिंदू खोटा आहे, तुझं माप नाही, हे कशावरून ठरवलंस? तिनं सांगितलं, उरलेले चार एकमेकांशी जुळत होते. आणि बापानं दगड वाहिले होते. तो म्हणाला, "आमचं मशीनही हेच करतं. बिंदू दिले की चूक किती ते आकड्यात सांगतं. पण देऊळ हललंय हे त्याला कोण सांगणार?"

मग बायोडेटातल्या कॉलेजात फोन करून केळशीकर सरांशी बोलल्याचंही त्यानं सांगितलं. सर म्हणाले होते, काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं, मुलगी हुशार आहे पण भांडखोर. निमिषनं त्यांना पाचव्या बिंदूबद्दल विचारलं. सर म्हणाले, "पाच आहेत, पाचही बरोबर आहेत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तीन महिने चाचणीवर घेतलंय."

तिला आनंद झाला होता, पण चेहऱ्यावरचा राग उतरला नव्हता. त्याच बैठकीत तिनं माझ्याकडून दुसरं पत्र टाइप करून घेतलं, नियतकालिकाच्या संपादकांना. नकाशातली चूक, सात शेतांचे सर्व्हे नंबर, आणि नकाशा कुणी केला ते. या वेळी मी एक शब्दही सुचवला नाही.

मार्चमध्ये अंक आला. कोपऱ्यात चौकट होती: 'लेखकाने पुनर्तपासणी करून नकाशात पुढील दुरुस्ती केली आहे.' सातही शेतं दुरुस्त झाली होती. लेखक केळशीकरच होते.

अंक मिटून मी तशीच उठले. मी रोह्याला फोन लावला, प्राचार्यांनाच. ते म्हणाले, "बाई, मुलीला नोकरी लागली ना? आता कशाला वाढवता?" मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्यांच्या कॉलेजातलं टायपिंगचं काम माझ्याकडे यायचं बंद झालं. होऊ दे.

नम्रता कायम झाली. मोठ्या टेबलावर नकाशा चिकटवायचा, हातातल्या यंत्रानं रेघेवरून चालायचं, बटण दाबत एकेक बिंदू कॉम्प्युटरात घालायचा. आठ तास. शिफ्टमध्ये. तिच्या टेबलावर असायचे अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचे पाण्याचे नळ, एकेक जोड, एकेक झडप.

एका रविवारी हिरामण भाताचं बियाणं घ्यायला पेणला आले होते, तेव्हा बापलेक दोघं वर आले. हिरामणनं विचारलं, "तुझ्या त्या मशीनमदी आपला गाव हाय का गो?"

"नाय, बा."

"मंग कुणाचा हाय?"

"पल्याडच्या लोकांचा. त्यांची तोटी गळली तरी त्यांना घरबसल्या कळतं कुठं गळली ती."

हिरामण बाकावर टेकले. "आन आपल्याकडं खांड गेली तर?"

 नम्रतानं पिशवीतून गावनकाशाची नवी प्रत काढली, भूमी अभिलेखच्या कार्यालयातून आणलेली, माझ्या टेबलावरचं मशीन बाजूला सरकवलं आणि कागद पसरला. "बाई, तहसीलदारांना पत्र लिहायचंय, पंचनाम्यातून सुटलेल्या बावीस नंबरांचं," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही टाइप करा."