पुसलेल्या लाटा

तिला स्टुडिओत सगळे इस्त्री म्हणत. हाक मारतानाही इस्त्रीच. नाव पडलं ते तिच्या कामावरून. कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो आणि जाहिरातींच्या व्हिडिओंचे तुकडे तिच्याकडे यायचे, आणि त्यांतल्या नको त्या लाटा ती सपाट करून द्यायची.

बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यापुढे आला की त्यावर इंद्रधनुष्यासारख्या रंगीत लाटा उठतात. शर्टात त्या नसतात, डोळ्यालाही दिसत नाहीत. मच्छरदाणीची एक जाळी दुसरीवर धरून थोडी सरकवा, तिसरीच कुठलीतरी मोठी नक्षी दिसेल. शर्टाचे धागे ही एक जाळी, कॅमेऱ्याच्या आतल्या बारीक ठिपक्यांची दुसरी. टीव्हीच्या नाहीतर संगणकाच्या पडद्याचा फोटो काढला तरी तेच, कारण पडदाही ठिपक्यांचाच. पुस्तकात याला मॉइरे म्हणतात. स्टुडिओत कुणाच्या जिभेवर तो शब्द बसला नाही, म्हणून सगळे लाटाच म्हणत.

इस्त्रीने हे कुठल्या कॉलेजात शिकलेलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभं राहून शिकली. आधी रंग आणि उजेड वेगळे करायचे, मग फक्त रंग पुसट करायचा. रंगीत लाटा जातात, धागा जागच्या जागी राहतो. काळ्यापांढऱ्या लाटा मात्र चिवट असतात. त्या ठराविक अंतराने येतात, तेवढंच अंतर हेरून तेवढंच उचलायचं. जास्त हात चालवला की लिननचं प्लास्टिक होतं. मालक एकदा लाल होऊन आला होता, अख्ख्या कोटावर लाटा आहेत म्हणून. तिने फोटो शंभर टक्क्यांवर उघडला, कोट स्वच्छ. "साहेब, लाटा कोटात नाहीत, तुम्ही फोटो लहान करून बघता त्यात आहेत," ती म्हणाली, आणि अख्खा स्टुडिओ हसला. मालकही हसला, पण जरा उशिरा.

तर अशी ही बाई हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला माहीत होतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथेच आहे.

तिची मोठी बहीण कापडावर लेप चढवणाऱ्या कारखान्यात होती. तिथे द्रावकाची वाफ असते. वाफ किती आहे ते भिंतीवरच्या पडद्यावर आकड्यात दिसतं, आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजतो. मर्यादा पंचवीसची. एका आठवड्यात त्या खोलीत दोन बाया चक्कर येऊन पडल्या आणि भोंगा गप्प. ताईने मान वर करून पडदा वाचला. वाफ एकेचाळीस, आणि खाली मर्यादेच्या चौकटीत साठ. कुणीतरी मर्यादाच वर नेऊन ठेवली होती, म्हणजे भोंगा वाजायला नको आणि काम थांबायला नको.

ताईने मोबाइल काढला आणि चाळीस सेकंद पडदा टिपला. आकडे होते, कोपऱ्यात तारीख आणि घड्याळ होतं. फाटकावर मोबाइल तपासतात म्हणून तिने ते मेमरी कार्डावर उतरवलं, मोबाइलमधून काढून टाकलं, आणि कार्ड केसांच्या क्लिपखाली खोचून बाहेर आणलं.

तिने ते धाकटीच्या हातावर ठेवलं. "आकडे वाचता येत नाहीत गं. नुसत्या रंगीत लाटा पळतायत. तुझंच काम आहे ना हे?"

खरंच तिचंच काम होतं. टिपताना ताईचा हात हलला होता, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये लाटा जागा बदलत होत्या आणि आकड्यांवरून साप फिरावेत तशा सरपटत होत्या. इस्त्रीने दोन दिवस जेवणाच्या सुट्ट्या त्यात घातल्या. आधी पडदा जागच्या जागी खिळवला, म्हणजे हलणारं हलेनासं झालं. मग रंग धुतले. मग चिवट लाटा उचलल्या. शेवटी लागोपाठच्या फ्रेमा एकमेकींवर रचून त्यांची सरासरी काढली. जे स्थिर होतं ते उठून दिसलं आणि जे हलत होतं ते विरून गेलं. पडद्याच्या काचेत ताईची अंधूक सावली पडली होती, चेहरा आणि डोक्याचा रुमाल. तीही विरली. इस्त्रीला वाटलं, बरंच झालं, ताई ओळखू यायला नको.

शेवटी पडदा असा दिसला जसा कागदावर छापलाय. एकेचाळीस. साठ. तारीख, वेळ. ती खूश झाली. कार्ड रिकामं केलं, त्यावर साफ केलेला तुकडा भरून ताईला दिलं. मूळ तुकडा संगणकावरूनही उडवला. स्टुडिओची रीतच ती होती. काम संपलं की आधीचं उडवायचं, लाटा गिऱ्हाइकाला कधी दिसता कामा नयेत. इतक्या वर्षांत ती हाताची सवय झाली होती. त्या दिवशी तिचा हात थांबला नाही, आणि थांबायला हवा होता हे तिला पुढे कैक महिने आठवत राहिलं.

ताईने तक्रार केली. कंपनीने तिलाच घरी बसवलं, आत मोबाइल आणला म्हणून आणि खोटा पुरावा बनवला म्हणून. चौकशी लागली. ताईच्या बाजूने बोलायला इस्त्रीही गेली, नवी साडी नेसून. आपलं काम सगळ्यांना दिसणार होतं.

चौकशी अधिकाऱ्याने तुकडा पाहिला. कंपनीने आणलेला जाणकार शांतपणे उठला. आवाजही चढवला नाही त्याने. म्हणाला, मोबाइलने पडदा टिपला की त्यावर लाटा येतातच, हात हलला की त्या हलतात, काचेत टिपणाऱ्याची सावली पडते. इथे लाटा नाहीत, सावली नाही. हा पडदा टिपलेला नाही, संगणकावर बसून काढलेला आहे. मूळ तुकडा असेल तर द्या.

 त्या माणसाचा निष्कर्ष खोटा होता, पण त्याआधीचं प्रत्येक वाक्य खरं होतं. लाटा म्हणजेच पुरावा होता. ज्याला ती घाण समजून उचलत राहिली, तोच या पडद्यासमोर कुणीतरी उभं होतं याचा दाखला होता.

"मूळ कुठाय?" ताईने वळून विचारलं.

"नाही ठेवलं."

 ताईने पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. अधिकाऱ्याने पुढची तारीख दिली.

त्या आठवड्यात इस्त्रीने उडवलेलं परत आणायची खटपट केली. स्टुडिओच्या डिस्कवर त्यानंतर शेकडो शर्ट चढले होते. कार्डावर तर तिने स्वतःच साफ केलेला तुकडा भरून ठेवला होता. काही हाती लागलं नाही. आणि या सगळ्यात एक गोष्ट उरलीच होती. ती कुणाला सांगत नव्हती.

मूळचे तीन सेकंद शिल्लक होते.

तिने स्वतःची एक छोटी जाहिरात केली होती. आधी आणि नंतर, डावीकडे लाटा, उजवीकडे साफ. बाहेरची कामं मिळावीत म्हणून ती लोकांना पाठवायची. त्यात शर्ट होते, एक रेशमी टाय होता, आणि तिसरा नमुना ताईचा पडदा. सगळ्यांत अवघड काम होतं ना ते. ताईला विचारलं नव्हतं. बहिणीची नोकरी आणि त्या दोन बायांची वाफेने बिघडलेली फुप्फुसं टांगणीला लागली असताना हिने त्यातून स्वतःसाठी नमुना कापून घेतला होता. दाखवायचं म्हणजे तेही सांगायचं.

चार दिवस ती गप्प राहिली. पाचव्या दिवशी कामावरून थेट ताईकडे गेली. ताई धुतलेले कपडे दोरीवर घालत होती. इस्त्री चिमटे हातात देत राहिली आणि चिमटे संपल्यावर बोलली. सगळं बोलली.

ताईने ओला टॉवेल तसाच हातात धरला. "चार दिवस तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी घरी बसून विचार करत होते, आता खोटारडी म्हणून जगायचं कसं." टॉवेल झटकून तिने दोरीवर टाकला. "मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं गं. जाहिरात कर म्हटलं असतं. विचारायचं तर होतंस."

 इस्त्री चिमट्यांची रिकामी डबी घेऊन उभी राहिली.

पुढच्या तारखेला तिने सगळं अधिकाऱ्यासमोर सांगितलं. साफ मी केलं, मूळ मी उडवलं, आणि हे तीन सेकंद माझ्या जाहिरातीत मी घातले, बहिणीला न सांगता. जाणकाराने ते तीन सेकंद स्वतः पुन्हा पुन्हा पाहिले. लाटा पळत होत्या, हाताबरोबर वळत होत्या. आकड्यांवर ताईची सावली होती, डोक्याला रुमाल बांधलेली. त्याने चष्मा काढला आणि कबूल केलं की हा पडदा टिपलेलाच आहे.

पण जाहिरातीसाठी तिने तुकडा चौकोनी कापला होता. कोपऱ्यातली तारीख आणि घड्याळ त्यात नव्हतं. कंपनीच्या वकिलाने तेवढंच धरलं. पडदा खरा, आकडे खरे, पण हे चाचणीच्या दिवशीचे असतील. काम चालू असतानाचे कशावरून?

निकाल असा लागला की ताईने पुरावा बनवलेला नाही, तिला कामावर घ्या. मर्यादा कुणी आणि कधी वाढवली ते सिद्ध होत नाही. ताई परत गेली. चक्कर येऊन पडलेल्या दोघींचं कुणीच काही देणं लागत नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर इस्त्री रडायला लागली. ताईने तिला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "माझ्यापुढे रडून काय उपयोग? माझं झालं. त्या दोघींना जाऊन तूच सांग. माझ्या तोंडून नको."

रविवारी ती त्यांच्यातल्या थोरलीकडे गेली. बाई खाटेवर उशांना टेकून बसली होती. दोन वाक्यं झाली की थांबून श्वास घ्यायची. इस्त्रीने जमिनीवर बसून सगळं सांगितलं आणि मोबाइलवर ते तीन सेकंद दाखवले. बाईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. लाटा तिच्या चष्म्यात हलत होत्या.

"ही सावली तुझ्या ताईची?"

"हो."

"पडल्यावर मी परत कामावर आले होते. माझ्याच बाजूला उभी होती ती तेव्हा." बाई थांबली, श्वास घेतला. "मी कुठंय यात?"

इस्त्रीने मान खाली घातली. उडवलेल्या सदतीस सेकंदांत कुठेतरी, काचेत, अंधूकशी ती असेलच. इस्त्रीने तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. लाटा पाहत होती.

"तुम्हीही होतात," ती म्हणाली. "मी पुसलं."

बाईने मोबाइल परत दिला नाही. तिने तुकडा पुन्हा सुरुवातीपासून लावला.