उचललेला कोपरा

महाडात पूर ओसरला की अख्खी गल्ली त्याच दिवशी फावडी घेऊन बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी कोणाकडे पाणी दिसलं तर लाज वाटते. मी तेव्हा बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या साइटवर इंजिनीअर होतो. बेसमेंटचा राफ्ट, म्हणजे तळाची काँक्रीटची जाड अखंड लादी, आणि भिंती झाल्या होत्या. वरचे मजले अजून कागदावरच होते. बेसमेंट पुराने काठोकाठ भरलेलं. सगळे उपसतायत म्हणून मीही दोन पंप लावले.

दुपारी तळ दिसायला लागला, तसा वरंधचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "सायेब, हा कोपरा पुराआधी एवढा वर नाय व्हता."

लेव्हल लावून पाहिली. कोपरा दोन बोटं वर आला होता. बाहेर जमिनीत पाणी अजून तुडुंब होतं आणि ते रिकामं बेसमेंट होडीसारखं उचलत होतं. त्याला दाबून धरणारं आतलं पाणी मीच काढून टाकलं होतं. शेजारच्या विहिरीत पाइप टाकून आम्ही घाईघाईने बेसमेंट पुन्हा भरलं. लादी बसली, पण खाली गाळ शिरला होता, त्यामुळे पुरती नाही. पुढे ती खालच्या कातळात सळया रोवून बांधली, आणि वरच्या स्लॅबचं पुरेसं वजन येईपर्यंत बाहेरचं पाणी उपसत राहिलो.

रिपोर्टात मी लिहिलं, की जमिनीतल्या पाण्याच्या पातळीचा अंदाज आला नाही. साफ खोटं. पंप लावले त्याच सकाळी मी त्या विहिरीवर चिखलाचे पाय धुतले होते, दोर न लावता, हातानेच बादली बुडवून.